तान्ह्या पोळ्याची तारीख

आमच्या लाखनीच्या मामांचा कुठलाही अर्ज हालहवालीपासून सुरू होतो. नागपूरच्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी खोकला, धानाची मळणी आणि त्या सालचा पाऊस घातला होता. मागायच्या होत्या फक्त छातीच्या अडीच वर्षांपूर्वीच्या सीटी स्कॅनच्या डिजिटल प्रती.

नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसात लहानशी गाठ दिसली होती आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "ही आधी होती का?" लहान भरीव गाठ दोन वर्षांत वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. जुनं स्कॅन हाती नसेल, तर तेवढंच कळायला काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करावं लागतं.

मामांकडे फिल्म होत्या, पण टिनाच्या छपराखाली, कपाटावर ठेवलेल्या. थर्मल फिल्म उष्णतेनं काळवंडते आणि भंडाऱ्याचा मे महिना तिच्यावर दया करत नाही. त्या धड असत्या तरी काम भागलं नसतं. स्कॅनच्या शेकडो चकत्यांपैकी फिल्मवर निवडकच छापतात, त्याही एका ठरलेल्या उजेडात. डायकॉम फाइलमध्ये तो उजेड कमीजास्त करता येतो, गाठ मिलिमीटरमध्ये मोजता येते. खिडकीला फिल्म लावून व्हॉट्सॲपवर फोटो धाडण्याची भाच्याची युक्ती म्हणूनच बाद झाली.

मग पत्राला कात्री लागली. पाऊस गेला, मळणी गेली. उरलं ते नोंदणीच्या वेळी लिहिलेलं नाव, रुग्ण क्रमांक, तपासणी कोणती आणि मागणी: 'सर्व चकत्या डायकॉम स्वरूपात, अहवालासह.' सोबत ओळखपत्राची प्रत. अडलं ते तारखेपाशी.

"तान्ह्या पोळ्याले काढला होता ना!" मामा म्हणाले.

संगणकाला तान्हा पोळा कळत नाही. जुनं कॅलेंडर शोधून तारीख काढावी लागली.

घाईही होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर मिळाल्या तर नशीब. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतली.

सीडी मिळाली, ती तिथेच उघडून पाहिली. आत DICOMDIR नावाची फाइल आणि चित्रांची लांबलचक रांग असायला हवी. नुसता अहवालाचा कागद किंवा चारदोन जेपीजी निघाली, तर काउंटर सोडायचा नाही. पडद्यावरचं नाव आणि तारीखही ताडून घ्यायची, कारण एकाच नावाची माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत.

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले. गाठ तिथेच, तेवढीच.

"म्हंजे जुनी भाडेकरीन हाय," मामा म्हणाले, "राहू द्या तिले."