चुकून आलेल्या ईमेलचा पालक

दुसऱ्या कंपनीचा ईमेल आपल्याकडे येऊन पडला की ऑफिसात तीन प्रकारची माणसे दिसतात. काही जण तो न वाचताच उडवतात. काही जण आधी शेजारच्या टेबलाला दाखवतात, मग उडवतात. तिसरा प्रकार विरळा: हा माणूस उत्तर देतो. तो बहुधा अकाउंट्स किंवा डिस्पॅचमध्ये असतो, चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीन वाचतो आणि कुणाचेही सापडलेले पाकीट वर्षभर ड्रॉवरमध्ये जपून ठेवतो.

त्याला काम मिळते ते प्रामुख्याने नावांच्या साधर्म्यामुळे. भोसरीच्या एमआयडीसीत गणपतीच्या नावाने चालणारे कारखाने काही थोडेथोडके नाहीत. चिंचवडच्या एका खरेदी अधिकाऱ्याला दोनशे फ्लँजची ऑर्डर द्यायची असते. तो पत्त्याची पहिली तीन अक्षरे टाइप करतो, संगणक उरलेला पत्ता आपल्या मनाने पुरवतो, अधिकारी एंटर दाबतो आणि ड्रॉइंग व दरासकट ऑर्डर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या गणपतीकडे पोचते. पाठवलेला ईमेल मागे घेण्याची सोय जीमेलमध्ये फार तर 30 सेकंद असते, आउटलुकमध्ये ती एकाच संस्थेच्या आत चालते. चूक चहानंतर लक्षात आली, तर दोन्हींचा उपयोग नाही.

उत्तर देणारा हा गृहस्थ आधी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतो. नाव नव्हे, नावामागचा खरा पत्ता. बँक खाते बदलले आहे, आजच पैसे भरा, सोबतची फाइल उघडा, असा मजकूर असेल तर तो सौजन्य बाजूला ठेवतो आणि मेल आयटीवाल्याच्या हवाली करतो. अशा मेलला उत्तर देणे म्हणजे या पत्त्यावर माणूस बसला आहे, हे भामट्याला कळवणे. फ्लँजच्या मेलमध्ये तसे काही नसते. अधिकाऱ्याचा पत्ता त्याच्या कंपनीचाच असतो, खाली टेबलाचा फोन नंबरही असतो.

खरी परीक्षा पुढे असते. परोपकारी माणसाचा पहिला मोह म्हणजे योग्य गणपती शोधून ऑर्डर परस्पर त्याच्याकडे धाडणे. कसलेला गृहस्थ हे कटाक्षाने टाळतो. अंदाज चुकला तर एका कारखान्याचा दर त्याच्या स्पर्धकाच्या हाती पडतो. अंदाज बरोबर निघाला तरी खोकीवाल्याकडून आलेली फ्लँजची ऑर्डर कुणी उघडायला धजत नाही. शिवाय मूळ अधिकाऱ्याला चूक कळतच नाही आणि पुढच्या महिन्याची ऑर्डरही खोक्यांकडेच येते.

दुसरा मोह मताचा. दर पाहिल्यावर, ‘एवढ्या भावात आमच्या मेहुण्याकडे याहून बरे मिळेल’, हे बोटांपर्यंत आलेले वाक्य गिळावे लागते. तिसरा मोह मार्केटिंगवाल्यांचा असतो: फ्लँज पाठवायला खोकी लागणारच, तेव्हा आपले दरपत्रक जोडून द्यावे. व्यवहार म्हणून कल्पना वाईट नाही, पण पहिल्या उत्तरात ती शोभत नाही.

अखेर उत्तर जाते ते एवढेच: ‘नमस्कार. ऑर्डरबाबतचा आपला आजचा ईमेल चुकून आमच्याकडे आला आहे. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. कृपया पत्ता तपासून योग्य ठिकाणी पुन्हा पाठवावा. आमच्याकडील प्रत व सोबतची फाइल काढून टाकली आहे.’ खाली नाव, हुद्दा, कंपनी. विषयाची ओळ तशीच ठेवलेली असते, म्हणजे अधिकाऱ्याला कोणता मेल ते शोधावे लागत नाही. खाली आपोआप चिकटलेला मूळ मजकूर मात्र गृहस्थ पुसतो. पाठवण्याआधी खरोखरच फाइल काढतो आणि कचरापेटीही रिकामी करतो. काढली असे लिहून ठेवून देणाऱ्यांत तो बसत नाही.

उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जाते. मूळ मेलच्या प्रती मॅनेजरपासून गुणवत्ता विभागापर्यंत गेलेल्या असतात. ‘सर्वांना उत्तर’ दाबले तर अधिकाऱ्याची चूक त्याच्या साहेबापुढे मांडल्यासारखे होते, आणि मग ‘मला या यादीतून काढा’ असे सांगणारे मेलही सर्वांनाच येऊ लागतात.

दोन दिवसांत अधिकाऱ्याने पुन्हा ऑर्डर पाठवल्याचे कळवले नाही, तर गृहस्थ आधीच टिपून ठेवलेल्या नंबरवर एक फोन करतो. त्यापुढे त्याची जबाबदारी संपते. अधिकारी बहुधा आभार मानतो आणि त्याच संध्याकाळी सुधारित ड्रॉइंग पुन्हा खोकीवाल्यांनाच पाठवतो. आभाराने संगणकाची आठवण बदलत नाही. पत्ता टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनेशेजारी आउटलुकमध्ये एक छोटी फुली असते. ती दाबून जुना पत्ता काढावा लागतो, आणि हे काम पाठवणाऱ्यानेच करायचे असते.