नानांची मेंदी आणि माझा मास्क

फ्लेक्सवर झळकणाऱ्या माणसाचं वय त्याने दिलेल्या फोटोएवढं असतं. निवडणुकीला उभा राहू पाहणारा माणूस कॉलेजातला फोटो आणतो, गल्लीतली पोरं कुणाच्या तरी वरातीतला, शेजारच्याचा अर्धा खांदा आत राहिलेला फोटो आणतात. माझ्या दुकानात दोघांनाही सारखाच मान. आमच्या आळीतल्या नानांच्या एकसष्टीचा फोटो मात्र अगदी ताजा होता, आणि अडचण तीच होती. समारंभ म्हणून नानांनी स्वतःच्या हाताने मेंदी लावली होती आणि ती वाळल्या-वाळल्या धुऊन, स्टुडिओतल्या निळ्या पडद्यासमोर जाऊन बसले होते.

"केस काळे करून द्या," माई म्हणाल्या. "पण रंगवल्यासारखे दिसायला नकोत."

"आहेत ते काय वाईट आहेत?" नाना.

"तुम्ही गप्प बसा हो."

त्यांच्यासोबत आलेल्या पुतण्याचं मत वेगळंच होतं. "दादा, त्याला एक बटण असेल ना?"

बटण आहे, ही खरी पंचाईत. फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशन नावाचा ॲडजस्टमेंट लेयर असतो. तो मूळ फोटोच्या वर बसतो, खालच्या फोटोला हात लावत नाही, आणि केव्हाही उघडून पुन्हा बदलता येतो. त्यात तीन पट्ट्या असतात. ह्यूने रंगाची जात बदलते, सॅच्युरेशनने त्याचा भडकपणा, लाइटनेसने उजेड. मी पुतण्याच्या समाधानासाठी ह्यू अधिक १००वर नेला. नानांचे केस हिरवे झाले. चेहराही हिरवा झाला. पडदा गुलाबी झाला.

"आता फक्त केसांचं करा," माई शांतपणे म्हणाल्या. संसारात बरंच पाहिलेलं.

याच लेयरमध्ये सगळ्या रंगांऐवजी फक्त लाल किंवा फक्त पिवळे रंग निवडायची सोय आहे. तसं केल्यावर पडदा आपल्या मूळ निळ्यावर आला, पण नाना हिरवेच राहिले. कारण मेंदी केशरी आणि आपल्याकडची गव्हाळ कातडीही शेवटी केशरीच, फक्त कमी भडक. रंगचक्रावर दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात हे संगणकाला रंगावरून कळत नाही; ते माणसाने सांगावं लागतं. सांगायची ती जागा म्हणजे मास्क.

मास्क हे लेयरला जोडलेलं काळं-पांढरं चित्र. जिथे पांढरं तिथे रंगबदल लागू, जिथे काळं तिथे नाही, जिथे करडं तिथे अर्धामुर्धा. अख्खं काम त्या करड्यात आहे. आधी क्विक सिलेक्शनने डोकं ढोबळ निवडलं, मग 'सिलेक्ट अँड मास्क'मध्ये जाऊन रिफाइन एज ब्रश डोक्याच्या बाहेरच्या कडेवरून फिरवला. हा ब्रश कडेवरचे सुटे केस आणि मागचा पडदा वेगळे ओळखायचा प्रयत्न करतो. निळ्यावर केशरी असल्यामुळे त्याला ते बऱ्यापैकी जमलं. नानांच्या पडद्याचे एवढे उपकार मानायलाच हवेत.

तरी कडेला चुगली होतेच. मास्क केसांच्या बाहेर सांडला की पडद्याचाही रंग उतरतो आणि डोक्याभोवती राखाडी वलय दिसतं. "काका संत झाले," पुतण्या म्हणाला. मास्क आत राहिला की उलटं, काळ्या केसांना केशरी किनार येते. वलय दिसलं तर काळ्या ब्रशने मागे हटायचं, किनार दिसली तर पांढऱ्याने पुढे सरकायचं. ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. त्यात डोक्याच्या मधोमध राहिलेली काळी भोकंही सापडतात.

कपाळावर मात्र रिफाइन एजचं काही चाललं नाही. तिथे केस एका रेषेत सुरू होत नाहीत, विरळ होत होत कातडीत विरतात. कडक कडेचा मास्क तिथे लावला तर नानांनी नाटकातला टोप घातलाय असं वाटतं. म्हणून हार्डनेस शून्य आणि फ्लो पंधराएक टक्के ठेवून, मऊ ब्रशने हळूहळू करडं चढवत गेलो. शिवाय मेंदी कपाळावरही उतरली होती. केसांना काळेपणा हवा, डागाला नको; त्याचा फक्त भडकपणा उतरवायचा. त्यामुळे त्या बोटभर पट्टीसाठी वेगळा लेयर आणि वेगळा मास्क. नाना म्हणाले, "पुसता आली असती ना रॉकेलने." रॉकेलने मेंदी निघत नाही, हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

आता रंग. काळ्यासाठी ह्यूची पट्टी कुठे न्यायची? कुठेच नाही. तपकिरी हा काही वेगळा रंग नव्हे, उजेड आणि भडकपणा काढून घेतलेला केशरी आहे. ह्यू शून्याजवळच ठेवला, सॅच्युरेशन उणे ५०च्या आसपास नेलं, आणि मेंदीची आग बसली. उजेड कमी करायला लाइटनेसची पट्टी वापरू नये. ती सगळ्यावर सारखाच काळोख पसरते, केसांवरची चकाकीही मळते. त्यापेक्षा ऑल्ट दाबून तोच मास्क एका कर्व्ह्ज लेयरवर ओढला, मधला उजेड खाली आणला आणि वरचं टोक जागेवर ठेवलं. केस गडद झाले, चमक राहिली.

"अजून काळे," माई म्हणाल्या. अजून काळे केले. केसांचे धागे एकमेकांत बुडाले आणि डोक्यावर हेल्मेट आलं. माई काही बोलल्या नाहीत. मी मागे आलो.

राहिले कानांवरचे पांढरे कल्ले. मेंदी लावताना नानांचा हात तिथे पोचला नव्हता. पांढऱ्यात मुळात रंगच नसतो, त्यामुळे ह्यू फिरवा नाहीतर सॅच्युरेशन कमी करा, त्याला फरक पडत नाही. त्यासाठी कलराइज नावाची खूण करावी लागते. मग लेयर स्वतःचा रंग आणून ओततो. माईंच्या आग्रहाखातर तेही करून दाखवलं. सगळे केस एका छटेचे झाले, एकही दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही, आणि एकसष्ट वर्षांच्या सुरकुत्यांवर पंचविशीचे कल्ले आले. चेहरा एक वय सांगू लागला आणि केस दुसरं.

"हे रंगवल्यासारखं दिसतंय," माई म्हणाल्या.

कलराइजचा लेयर काढून टाकला. कर्व्ह्जने किंचित करडे झालेले कल्ले तसेच ठेवले, आणि त्या पांढऱ्यामुळेच वरचा काळा खरा वाटू लागला. फ्लेक्स चौकात लागल्यावर लोकांनी नानांना तब्येत सुधारल्याबद्दल विचारलं. केसांबद्दल कुणीही विचारलं नाही. या कामाला मिळू शकणारी दाद एवढीच.

तेव्हा केस काळे करून घ्यायला या, पण कानशिलं सोडायची तयारी ठेवून या. आणि मेंदी लावणार असाल तर फोटो आधी काढा. कपाळावरच्या डागाचे पैसे मी वेगळे लावतो.