‘इतर’चा संसार
घरखर्चाच्या अ‍ॅपमध्ये किराण्याला ८,००० रुपयांची मर्यादा घातली की विसाव्या तारखेलाच पट्टी लाल होते. मग काटकसर कोण करतो? पुढचं तूप आणि काजू ‘इतर’मध्ये जातात. किराणा आटोक्यात, मन प्रसन्न! महिनाअखेर ‘इतर’ ६,४०० वर पोहोचतं आणि पैसे कुठे गेले, हे अ‍ॅपलाही सांगता येत नाही. विम्याचा हप्ता दरवर्षी ठरल्या तारखेला येतो, तरी त्याची नोंद ‘अचानक खर्च’! खरं तर १२,००० चा हप्ता दरमहा १,००० असा वेगळ्या रकान्यात बाजूला काढता येतो. पण मर्यादा वाढवणं सोपं. त्याला एकच बोट पुरतं. या महिन्यात ‘इतर’ उघडून एकेक नोंद वाचाच. निम्मा किराणा तिथे सापडेल.