सात ओळींचे अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो आणि प्रत्येक सेक्रेटरीत एक हेडक्लार्क दडलेला असतो. आमच्या अण्णांच्या बाबतीत तो दडलेलाही नव्हता. आयुष्यभर सरकारी कचेरीत मसुदे लिहून निवृत्त झालेला माणूस, त्याच्या हातात सोसायटीचा ग्रुप आला, मग काय विचारता! जिन्यातला दिवा गेला तरी "उपरोक्त विषयास अनुसरून" सुरुवात व्हायची.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची जुनी वहिवाट आहे. दर गुरुवारी नव्हे, पण देखभाल-दुरुस्ती निघाली की बहुतेक वेळा तिचा वार गुरुवारच निघतो. महापालिकेचं प्रकटन येतं : पर्वती जलकेंद्र किंवा आणखी कुठल्या केंद्राच्या अखत्यारीतील विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक कामांमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. खाली पेठा, नगरं, कॉलन्या यांची भलीमोठी यादी. अण्णा हे सगळं जसंच्या तसं उतरवून घेत, त्यावर स्वतःचा एक परिच्छेद चढवत, "सर्व सन्माननीय सभासदांनी नोंद घ्यावी" असं लिहून खाली सही करत. मोबाइलवरच्या संदेशाखाली सही करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हुद्द्यासकट!

त्यावर हात जोडल्याची पंधरा-वीस चित्रं यायची. दोघं-तिघं "नोटेड" म्हणायचे. आणि तासाभरात चौथ्या मजल्यावरून प्रश्न यायचा, "अण्णा, उद्या पाणी आहे ना?"

अण्णा चिडत. "अहो, वर दिलंय ना सविस्तर!" पण खरी गोम त्या सविस्तरातच होती. महापालिका पाणी कधी बंद करते याच्याशी सभासदाला काही देणंघेणं नसतं. महापालिकेचं पाणी त्याच्या नळाला येतच नाही, ते येतं सोसायटीच्या खालच्या टाकीत. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग वरून नळाला उतरतं. तेव्हा माणसाला एवढंच हवं असतं की माझ्या बाथरूमच्या नळाला पाणी किती ते किती. ते अण्णांच्या नोटिशीत कुठेच नसे, कारण ते प्रकटनात नसे. ते सोसायटीने स्वतः ठरवायचं असतं.

हे ज्या दिवशी अण्णांच्या ध्यानात आलं, त्या दिवशी त्यांनी डायरी काढली. हिशेब सोपा होता. आमची घरं छत्तीस, घरटी चार माणसं धरली तर १४४. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरातल्या पाणीपुरवठ्यासाठी धरलं जाणारं प्रमाण. म्हणजे रोजचा खर्च जवळजवळ २०,००० लिटर. खालची टाकी ३०,००० लिटरची, वरची १२,०००ची. बुधवारी सकाळी दोन्ही काठोकाठ भरल्या तर ४२,०००. बुधवारचा दिवस गेला की उरले २२,०००. गुरुवार नेहमीसारखा गेला तर शुक्रवारी पहाटे हातात २,००० लिटर, म्हणजे घरटी पंचावन्न लिटर. आणि महापालिकेचं पाणी येणार उशिरा. सगळी बोंबाबोंब शुक्रवारी सकाळी का होते, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. पाणी बंद असतं गुरुवारी, पण हाल होतात शुक्रवारी.

उपाय अण्णांनीच काढला. गुरुवारी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास तेवढा उघडायचा. एवढ्याने तेरा-चौदा हजारांत दिवस निघतो आणि शुक्रवारच्या आंघोळी पार पडण्याइतकं पाणी शिल्लक राहतं. एका नव्या सभासदाने सुचवलं, "अण्णा, आगीसाठीची टाकी भरलेली आहेच की, ती वापरू." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या सभेलाही आला नाही.

पण हिशेबाला खरा सुरुंग लावला तो बुधवारच्या रात्रीने. "उद्या पाणी नाही" एवढं कानावर पडलं की मराठी माणसाच्या अंगात दुष्काळ संचारतो. पिंप, टब, कुकर, पातेली, पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेली घागर, सगळं भरून निघतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा फुलदाण्या भरून ठेवल्या होत्या. घरटी जास्तीचं दीडशे लिटर धरलं तरी छत्तीस घरांत ५,४०० लिटर एका रात्रीत टाकीतून घरात जातं. ते वापरलं गेलं तर हरकत नव्हती. पण शुक्रवारी नळाला धार आली की तेच पाणी "शिळं" ठरून मोरीत ओतलं जातं! पानशेत फुटून नळ कोरडे पडले त्या १९६१च्या जुलैतल्या गोष्टी आजीकडून ऐकलेली पिढी आहे ही, तिला भरू नका म्हणून कोण सांगणार? अण्णांनी सांगितलं. "पिण्याचं पाणी आणि दोन बादल्या." काकू अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

बाकीच्या ओळी हिशेबातून आल्या नाहीत, त्या दुरुस्तीच्या बिलांतून आल्या. एका गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड कोल्हापूरला लग्नाला गेलं. निघताना कुणी तरी नळ सोडून पाहिला, पाणी नव्हतं, तो तसाच उघडा राहिला. मोरीच्या जाळीवर पायपुसणं. शुक्रवारी दुपारी पाणी आलं ते आधी मोरीत, मग पॅसेजमध्ये आणि शेवटी खालच्यांच्या नव्याकोऱ्या पीओपीतून त्यांच्या सोफ्यावर. दोन्ही घरं अजून एकमेकांना फराळ पाठवतात, पण डबे परत येत नाहीत. त्या दिवसापासून "नळ बंद करूनच बाहेर पडा" ही ओळ आली.

पंपाची ओळ त्याहून महाग पडली. वरची टाकी रिकामी आहे असं पाहून एका उत्साही सभासदाने परस्पर पंपाचं बटण दाबलं. खालच्या टाकीतही पाणी नव्हतं. पंप कोरडा फिरला. पंपाचं सील पाण्यानेच थंड राहतं, पाणी नसलं की ते काही मिनिटांत जळतं. मग गळती, मग मेकॅनिक, मग "उद्या येतो", आणि महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत तुडुंब असताना वर थेंब नाही, असे दोन दिवस. वॉचमनला आमच्याकडे मामा म्हणतात. मामा आधी खालच्या टाकीचं झाकण उचलून बॅटरीने पाहतात, मग बटण दाबतात. इंजिनिअर सभासद तसं करत नाहीत. म्हणून नोटिशीत स्पष्ट लिहिलं गेलं की पंपाला फक्त मामा हात लावतील.

अण्णांना खरं पाहायचं असेल तर शुक्रवारी पाणी यायच्या वेळी पाहावं. बंडी, मफलर, एका हातात काचेचा ग्लास, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. मीटरशेजारी, टाकीच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे एक साधा नळ आहे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, हा नळ उघडा. आधी नुसतं फुस्स फुस्स करत हवा येते. त्या हवेनेही मीटरचा काटा फिरतो, हे अण्णा दर वेळी दुःखाने डायरीत नोंदवतात. मग चहासारखं पाणी येतं. रिकाम्या झालेल्या वाहिनीत पाणी पुन्हा जोराने शिरलं की आत बसलेला गाळ आणि गंज सुटून येतो. हे पाणी टाकीत घेतलं तर छत्तीस घरांच्या गीझरांत आणि फिल्टरांत जातं, म्हणून ते बादल्यांत भरून पार्किंग धुवायला ठेवायचं. अण्णा ग्लास भरतात, बॅटरीसमोर धरतात, मान हलवतात, ओततात, पुन्हा भरतात. सोन्याचा कस पाहणाऱ्या सराफाने शिकावं अशी त्यांची नजर असते. ग्लासातून पलीकडचा मीटरचा आकडा वाचता आला की मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा.

पण स्वच्छ दिसलेलं पाणी अण्णा पितही नाहीत आणि कुणाला पिऊही देत नाहीत. वाहिनीत दाब असतो तोवर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय ओढलं जाईल ते सांगायला नको. ते ग्लासात दिसत नाही. म्हणून त्या दिवशी पिण्याचं पाणी उकळायचं.

तर असे एक-एक ठेच खात अण्णांची दीड पानी नोटीस सात ओळींवर आली. "उपरोक्त" गेलं, "सन्माननीय" गेलं, सहीसुद्धा गेली. शेवटचं काही त्यांना सोपं गेलं नसावं. आता बुधवारी ग्रुपवर एवढंच येतं :

उद्या गुरुवार, पाणी बंद.
आपल्या नळाला : सकाळी ६.३० ते ८.३०, संध्याकाळी ६.३० ते ८.
शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने. दुपारपर्यंत जपून वापरा.
आज पिण्याचं पाणी व दोन बादल्या भरा. पिंप-टब नको.
नळ बंद करूनच बाहेर पडा.
शुक्रवारी पिण्याचं पाणी उकळा. वॉशिंग मशीन शनिवारी.
पंपाला फक्त मामा हात लावतील.

वेळही त्यांनी ठरवून घेतली आहे. सकाळी टाकली तर नोटीस सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते, रात्री दहाला टाकली तर टाक्या अर्ध्या होऊन गेलेल्या असतात. म्हणून बुधवारी संध्याकाळी सहाला. गुरुवारी पहाटे सहाला फक्त दुसरी ओळ पुन्हा. लिफ्टमध्ये एक छापील कागद, कारण तळमजल्यावरच्या आजोबांकडे मोबाइल आहे पण चष्मा नसतो. आजोबा तळमजल्यावर राहतात, लिफ्टमध्ये कशाला येतील, हे अण्णांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

चौथ्या मजल्यावरून प्रश्न अजूनही येतो, "अण्णा, उद्या पाणी आहे ना?" अण्णा आता चिडत नाहीत. दुसरी ओळ पुन्हा पाठवतात.

तुमच्या सोसायटीत असे अण्णा नसतील तर या सात ओळी खुशाल उचला. फक्त वेळा आमच्या घेऊ नका. आधी आपल्या टाक्या किती लिटरच्या आहेत ते बघा, घरं मोजा आणि मगच दुसरी ओळ लिहा.