टीव्हीला ळ येतो का?

आमच्या अप्पांनी सांगलीतल्या एका शाळेत 36 वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. त्यामुळे नवा टीव्ही मराठी ऐकतो असं कळल्यावर त्यांनी त्याची तोंडी परीक्षाच घ्यायची ठरवली. सोफ्यावरून उठले, टीव्हीपासून चार हातांवर उभे राहिले, रिमोटवरचं माइकचं बटण दाबलं आणि तो हात पाठीमागे घेऊन प्रार्थनेनंतर सूचना द्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आवाज कमी कर."

टीव्ही ढिम्म. "मठ्ठ आहे," अप्पा म्हणाले.

मठ्ठ नव्हता, त्याचे कान आमच्याच हातात होते. आमच्या टीव्हीचा माइक टीव्हीत नाहीच, तो रिमोटच्या वरच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकात आहे. अप्पा बोलत होते टीव्हीच्या तोंडावर आणि त्याचे कान होते अप्पांच्या पाठीमागे, सदऱ्याच्या घोळात. मी रिमोट त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणला. आता दुसरी भानगड. अप्पा बटण दाबायचे आणि त्याच क्षणी बोलायचे. यंत्राला कान टवकारायला अर्धा-एक सेकंद लागतो, तोवर पहिलं अक्षर हवेत विरतं. पडद्याच्या खालच्या ओळीत उमटलं, "वाज कमी कर".

ही खालची ओळ ध्यानात ठेवा, पुढे सगळं रामायण तिच्यावरच आहे. आपण बोललेलं टीव्हीला जसं ऐकू आलं, तसं तो तिथं लिहून दाखवतो.

तिसऱ्या प्रयत्नाला आवाज कमी झाला. अप्पा प्रसन्न. शेजारच्या काकांना बोलावून प्रात्यक्षिकही झालं. मग आठवडाभरानं आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला म्हणावं, जरा बारीक कर." अप्पांनी तसं सांगितलं, तर टीव्ही भलतंच काही शोधत बसला. "यूट्यूब लाव" म्हटलं तर ओळीत आलं "यूट्यूब लाओ". आणि अप्पांनी निळू फुल्यांचं नाव घेतलं, तेव्हा खाली उमटलं "नीलू फूल".

अप्पांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि निदान केलं, "याला ळ येत नाही. हा मराठी नाहीच."

36 वर्षं वह्या तपासलेला माणूस तो. निदान अचूक निघालं. टीव्हीचा मेनू आम्ही पहिल्याच दिवशी मराठीत केला होता, पण मेनूची भाषा वेगळी आणि कानाची भाषा वेगळी. आवाजाच्या सेटिंगमध्ये ती स्वतंत्र निवडावी लागते आणि तिथं हिंदी तशीच राहिली होती. "आवाज कमी कर" हे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखंच, म्हणून आमची गाडी आठवडाभर बिनबोभाट चालली होती. सेटिंगमध्ये मराठी निवडल्यावर अप्पांनी मुद्दाम म्हटलं, "निळू फुले." खाली ळ उमटला. अप्पांनी त्याला वरच्या वर्गात घातलं.

वरच्या वर्गात गेल्यावर खरं व्याकरण सुरू झालं. त्या रात्री आवाज होता 12 वर. मला हवा होता 20. मी ऐटीत म्हणालो, "आवाज वीसने वाढव." टीव्हीनं 12 मध्ये 20 मिळवले आणि 32 वर गेला. मालिकेतली सासू आमच्या घरात राहायला आल्यासारखी ओरडू लागली. मी घाईघाईत म्हणालो, "वीसने कमी कर." आज्ञाधारकपणे तो पुन्हा 12 वर आला. खालची ओळ अक्षरन् अक्षर बरोबर होती, म्हणजे ऐकण्यात चूक नव्हती. चूक माझ्या मराठीत होती.

"ने ही तृतीया," अप्पा अंधारातून म्हणाले. ते झोपले असावेत असा माझा समज होता. "वर हे शब्दयोगी अव्यय. किती वाढवायचं ते ने सांगतो, कुठं नेऊन ठेवायचं ते वर सांगतो. वीसवर कर म्हण."

"आवाज वीसवर कर," मी म्हणालो. आवाज 20 वर गेला. सातवीत असताना याच विभक्तीपायी मी त्यांच्याच हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. तेव्हा विभक्तीचा उपयोग काय, हे विचारायची सोय नव्हती.

यानंतर घरात एक पद्धत पडली. टीव्हीनं ऐकलं नाही की आधी खालची ओळ बघायची. ओळच आली नाही, तर बटण, इंटरनेट किंवा रिमोटची जोडणी तपासायची. आवाज बटणानं कमी-जास्त होतो, म्हणून रिमोट ठणठणीत आहे असं धरून चालत नाही. कारण ती बटणं नजरेला न दिसणाऱ्या किरणांवरही चालू शकतात, बोलणं मात्र ब्लूटूथनं जातं आणि ती जोडणी सुटली की रिमोट अर्धांगवायू झाल्यासारखा वागतो. ओळ आली पण चुकीची आली, तर उच्चार, गोंगाट किंवा भाषा. आणि ओळ बरोबर येऊनही काम भलतंच झालं, तर आपण सांगितलं तेच मोघम होतं.

या शेवटच्या प्रकारात अप्पांचा पराभव झाला. रविवारी दुपारी ते म्हणाले, "सामना लाव." त्यांना हवा होता जब्बार पटेलांचा 1974 चा चित्रपट, लागू आणि फुल्यांचा. टीव्हीनं क्रिकेट लावलं. ओळीत "सामना लाव" असंच होतं, ळची भानगड नव्हती, विभक्तीची नव्हती. मग त्यांनी खुलासा करायला घेतला, "अरे, तो आपला जुना... ज्यात ते मास्तर..." इथं त्यांनी आठवायला दम घेतला. टीव्हीला दम ठाऊक नाही. माणूस क्षणभर गप्प झाला की वाक्य संपलं असं तो समजतो. त्यानं "अरे तो आपला जुना ज्यात ते मास्तर" एवढ्यावर शोध घेतला आणि आमच्यासमोर कुठल्याशा गावच्या निरोप समारंभाची चित्रफीत सुरू केली.

आई हात पुसत बाहेर आली. रिमोट घेतला, क्षणभर थांबली आणि एका दमात म्हणाली, "यूट्यूबवर सामना मराठी चित्रपट श्रीराम लागू." यादीत पहिल्याच ओळीत सामना.

"तुला कसं जमलं गं?" अप्पांनी विचारलं.

"वाण्याला फोन करते तसं सांगितलं," आई म्हणाली. "दुकान कुठलं, माल कुठला, मार्का कुठला. वाण्याला का कोणी सांगतं, परवा वहिनींकडे खाल्लेला तो तांदूळ?"

तेव्हापासून टीव्हीचा कारभार आईकडे आहे. अप्पांच्या बातम्या मात्र अजून बटणांनीच लागतात. त्यांची वाहिनी केबलच्या डब्यात आहे आणि आमच्या टीव्हीचा हुकूम त्या डब्यापर्यंत पोचत नाही. "बातम्या लाव" म्हटलं की तो यूट्यूबवरच्या दाखवतो, अप्पांना त्यांच्या नेहमीच्या निवेदकाशी भांडायचं असतं.

काल अप्पांनी चहा मागितला. आईनं ताक आणून ठेवलं.

"मी चहा म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात, काहीतरी प्यायला दे, घसा सुकलाय."

दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता, आणि आईच्या हनुवटीखाली कुठलीही ओळ उमटत नव्हती. अप्पा निमूटपणे ताक प्यायले.