डायनॅमिक फिटर

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग लहानमोठी शेडं उभी राहिली आणि आमच्या शहरात एक जमात भराभर वाढली. गंगापूर, पैठण, फुलंब्रीकडून ती एसटीने येते, आयटीआयची दोन वर्षं काढते आणि बजाजनगरात चौघांत एक खोली घेऊन राहते. तिचं नाव फिटर. तो गर्दीतही ओळखू येतो. दुकानात खुर्ची घ्यायला गेला की बसून बघायच्या आधी उलटी करून तिचं वेल्डिंग बघतो. पंगतीत वाढपी समोर उभा असला तरी याचा डोळा मंडपाच्या खांबाला असतो, तिथला एक बोल्ट वॉशरशिवाय लावलाय म्हणून. तळव्याला कानशीच्या मुठीचा घट्टा असतो आणि बोलणं मोजकं. 'हौ' या एका शब्दात होकार, नकार आणि शंका तिन्ही बसवतो.

असा माणूस बायोडेटात मात्र अचानक वाचाळ होतो.

आमच्या गल्लीतला फिटर एका रविवारी सकाळी कागद घेऊन आला. "काका, शिकाऊ उमेदवारीचा मेळावा हाय. जरा बघता का?" मी टूलरूममध्ये हयात घालवलेला माणूस, मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडेही बरेचदा बसलेलो, म्हणून हे येणं.

कागदावर आधी फोटो. अंगात निळा कोट आणि टाय. कोट फोटोवाल्याच्या कंप्युटरमधला होता, त्यामुळे मान एका बाजूला आणि कॉलर दुसऱ्या बाजूला. फिटरच्या भाषेत अलाइनमेंट गेलेली. खाली इंग्रजीत सारांश: मी डायनॅमिक आहे, मेहनती आहे, संघभावनेने काम करतो, संभाषणकौशल्य उत्कृष्ट. पुढे सीएनसी, व्हीएमसी, ऑटोकॅड. आणि शेवटी, 'घरगुती वायरिंगचा उत्तम अनुभव'.

"वायरिंग कधी केलंस?"

"म्या नाही केलं. झेरॉक्सवाल्याच्या फायलीत आधीच्या पोराचं हाय ते. नाव बदलताना राहिलं असंल."

"आणि सीएनसी?"

"बघितली ना काका. व्हिजिटला गेल्तो. काचेतून."

"मग सारांश सांग बरं तोंडी. संभाषणकौशल्य उत्कृष्ट लिहिलंयस."

"हौ," तो म्हणाला आणि गप्प बसला.

तेवढ्यात आतून हाक आली, की नळाला पाणी आलं. आमच्या शहरात ही हाक म्हणजे सणच, आणि त्याची तिथी कुणालाच माहीत नसते. मी धावत जाऊन मोटर लावली, तर ती जागेवर थडथड नाचायला लागली. लोखंडी पट्टीवर तिला धरून ठेवणारा एक बोल्ट नुसताच फिरत होता. घट्ट होईना, निघेना.

फिटरने मोटर बंद केली, बोल्टाखाली स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचलत उचलत बाहेर काढला आणि भोकात नखाने चाचपून म्हणाला, "पट्टीतले आटे गेले. एम 8 होता. आता एम 10 करावा लागंल." मग मोटरच्या पायाचं भोक बघितलं. ते लांबट होतं, दहाचा बोल्ट जाणार होता. हे त्याने आधी बघितलं, म्हणून मी गप्प राहिलो. पुष्कळ जण आधी पट्टी पोखरतात आणि मग बोल्ट पायातून जात नाही म्हणून डोकं धरून बसतात.

मोटर बाजूला घेतली. खोलीवरून तो ड्रिल आणि टॅप घेऊन आला. साडेआठचा बिट लावला. मुद्दाम विचारलं, "साडेआठ का?" म्हणाला, "दहामधून दीड पिच गेला." भोक मोठं करून पहिला टॅप लावला, दोन बाजूंनी गुण्या टेकवून सरळ उभा आहे का बघितलं, तेल सोडलं. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतल्याशिवाय आतली चूर तुटत नाही, ती साचते आणि टॅप अडकतो. टॅप कडक असतो, वाकत नाही, थेट तुटतो. आणि भोकात तुटलेला टॅप काढणं म्हणजे नवं दुखणं. मधेच कर्र आवाज आला तसा तो थांबला, टॅप पूर्ण उलटा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुसरा टॅप, तिसरा टॅप. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. पाणी जायच्या आत टाकी भरली.

"हे का नाही लिहिलंस कागदावर?"

"हे काय लिहायचं काका? हे तर सगळ्यांलाच येतं."

या जमातीचा घोटाळा नेमका इथे आहे. जे येत नाही ते कागदावर, आणि जे येतं ते लिहायची लाज. अभियंता चार ओळी वाचतो आणि जे लिहिलंय त्यावरच प्रश्न टाकतो. 'डायनॅमिक'वर काय विचारणार? सीएनसीवर मात्र विचारतो, आणि तिथे काच आड येते.

मग मी त्याला खोदखोदून विचारत बसलो. शेवटचा मोठा जॉब कोणता? चौकोनी मेल-फिमेल, एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा. माप किती? 0.04 मिलिमीटरच्या आत, म्हणजे बहुतेकांच्या केसाच्या जाडीहूनही कमी. मोजलं कशाने? व्हर्निअर, लीस्ट काउंट 0.02. पहिल्या खेपेला बसला का? इथे साहेब लाजले. पहिला जॉब मेला. कानस मारताना हात झोपाळ्यासारखा वर-खाली झाला, पृष्ठभाग मधे फुगला. गुण्याची पाती लावून उजेडाला धरली तर मधे टेकलेली आणि दोन्ही कडांना उजेड. फुगा घासता घासता माप खाली गेलं. दुसऱ्यांदा कोपर अंगालगत ठेवून घासला, तेव्हा बसला.

"हेच मुलाखतीत सांगायचं. बिघडलं कसं आणि कळलं कसं. ज्याने केलं नाही त्याला बिघडलेलं सांगता येत नाही."

दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. इंग्रजी नंतर करू, आधी मराठीत: 'फिटर, आयटीआय, दोन वर्षं. कानस आणि करवतीने चौकोनी मेल-फिमेल फिटिंग 0.04 मिलिमीटरच्या आत केलं, व्हर्निअर आणि गुण्याने तपासलं. हाताने ड्रिलिंग व टॅपिंग, एम 6 ते एम 12. आटे गेलेलं एम 8 चं भोक एम 10 करून पाण्याची मोटर बसवली.' सीएनसी खोडलं. वायरिंग खोडलं. फोटोतला कोट मात्र त्याने खोडू दिला नाही. आईला आवडतो म्हणे.

झेरॉक्सवाल्याला ते पसंत पडलं नाही. "एवढंसंच? वजन नाही याला." फिटर अडून बसला तेव्हा त्याने ते टाइप केलं. डोक्यावर 'डायनॅमिक' तेवढं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर टाकलंच.

फिटरला बोलावणं आलं. ही बातमी गल्लीत पसरायच्या आत झेरॉक्सवाल्याकडे पोचली असावी. कारण पुढच्या आठवड्यात दारात आणखी एक पोरगा उभा. निळा कोट, वाकडी कॉलर. ट्रेड वेल्डर. सारांशात पाण्याची मोटर आणि एम 8 चा एम 10.

"हे तू केलंस?"

"नाही ना काका, फाइलीतच होतं. सर विचारतील म्हणून आलो." कागदावर बोट ठेवून त्याने आवाज खाली घेतला. "हे टॅप म्हंजे नळच ना?"