मोरचुदापुढचे दोन तारे

समजा, एक द्राक्षबागायतदार एसएमएसवर चालणाऱ्या कृषी सल्लासेवेला विचारतो, ‘एक टक्का बोर्डो मिश्रणाचं प्रमाण काय?’ पलीकडे उत्तर लिहिणारं भाषा-मॉडेल आहे. क्षणात शेतकऱ्याच्या फोनवर हे येतं:

```
## बोर्डो मिश्रण (१%)
**मोरचूद:** १ किलो
**चुना:** १ किलो
**पाणी:** १०० लिटर
```

प्रमाण बरोबर आहे. पण शेतकरी उलट विचारतो, ‘मोरचुदापुढे दोन तारे का? दोनदा घालायचं का?’

हा प्रश्न भाबडा नाही. छापील जाहिरातीत तारा दिसला की खाली बारीक अक्षरात अट असते, हे त्याला आयुष्याने शिकवलंय. औषधाच्या प्रमाणाशेजारी अनोळखी खूण दिसली तर जबाबदार माणूस विचारणारच.

ते तारे त्याच्यासाठी नव्हतेच. ती मार्कडाउनची चिन्हं आहेत. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ही पद्धत आणली: लिहिणाऱ्याने साध्या मजकुरात खुणा करायच्या आणि प्रोग्रॅमने त्यांचं ठळक अक्षर, मथळा, यादी असं रूपांतर करायचं. रूपांतर करणारा प्रोग्रॅम असला की तारे दिसत नाहीत. एसएमएसला तो नाहीच. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षराला एकच तारा लागतो, म्हणून तिथे दुहेरी ताऱ्यांचा हिशेब चुकतो. मॉडेलला समोरचा पडदा दिसत नाही, आणि सेवा बांधणाऱ्यांनी आधी सांगितलं नसेल तर आपलं उत्तर कुठे उमटणार हे त्याला कळायला मार्ग नाही. अशा वेळी भरवशाचा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे तारे पाहणारा माणूस. त्याच्या पुढच्या मेसेजमध्ये पुरावा येतो, आणि अनेक सेवा तो वाचूनही वाया घालवतात.

वाया कसा घालवतात? ‘दोन तारे म्हणजे ठळक अक्षर’ असं समजावून सांगतात आणि पुढचं उत्तर पुन्हा ताऱ्यांनी भरून पाठवतात. प्रश्नाला उत्तर मिळालं, तक्रार तशीच राहिली. मला याचा राग येतो. तारे म्हणजे काय हे शिकण्याची त्या माणसाला काहीच गरज नाही. ते त्याला दिसायलाच नकोत.

मग तक्रार ओळखायची कशी? मेसेजमध्ये ‘तारा’ शब्द शोधून भागत नाही. कोणी ‘स्टार’ लिहितं, कोणी ‘चांदण्या’, कोणी ‘फुल्या’, कोणी नुसतं ‘ते काय आहे’. मराठीत चालणाऱ्या सेवेचा शोधक इंग्रजी शब्दांच्या यादीवर बांधला असेल तर तो यातले बरेचसे प्रश्न सोडून देईल. उलट, याच शेतकऱ्याने उद्या विचारलं, ‘*99# लावलं तरी खात्यातली शिल्लक दिसत नाही, काय करू?’ तर मेसेजमध्ये ताराही आहे आणि हॅशही, पण तक्रार मुळीच नाही. तो इंटरनेटविना चालणाऱ्या बँक सेवेचा क्रमांक आहे.

म्हणून मेसेज एकटा वाचू नये, आधीच्या उत्तरासोबत वाचावा. ज्या खुणेबद्दल विचारलंय ती आपल्या मागच्या उत्तरात खरोखर होती का? ती मांडणीची खूण म्हणूनच आली होती का, की मजकुराचाच भाग होती? आणि ती माणसाने स्वतःच आधी लिहिली होती का? बोर्डोच्या प्रश्नात तारे फक्त आपल्या बाजूने, शब्दांना जोडीने वेढून आले. *99# मध्ये ते विचारणाऱ्याने आणले. एवढी तुलना केली तरी दोन्ही प्रसंग वेगळे काढता येतात.

एक फसवा पुरावा मात्र आहे. माणसाने मॉडेलच्या उत्तरातलीच ओळ ताऱ्यांसकट परत चिकटवली तर त्याला तारे दिसत असणार, असं वाटतं. पण पुष्कळ ॲपमध्ये ‘कॉपी’चं बटण मूळ मार्कडाउनच उचलतं. पडद्यावर सुबक ठळक अक्षर असतं आणि चिकटवताना तारे येतात. म्हणून चिकटवलेली ओळ म्हणजे संशय, खात्री नव्हे. आणि कोणी काहीच बोललं नाही म्हणून सगळं ठीक दिसतंय, असं तर मुळीच धरू नये. कित्येक जण तारे ओलांडून वाचतात आणि गप्प बसतात.

तक्रार ओळखली की मांडणी साधी करायची. इथे घाईने दुसरी चूक होते. तारे पुसणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये टाकली जाते:

```
re.sub(r"\*(.+?)\*", r"\1", text)
```

ही ओळ `5*3*2` या हिशेबाचं `532` करते. नुसते सगळे तारे आणि हॅश उडवले तर *99# चं 99 उरतं आणि तो क्रमांक लागतच नाही. चिन्हं मागाहून खरवडण्यापेक्षा मॉडेललाच सांगावं की इथून पुढे साधा मजकूर लिही. तारे, हॅश, उभ्या रेघांची कोष्टकं नकोत. जिथे तारा हा मजकुराचाच भाग आहे तिथे तो ठेव. क्रमासाठी १, २, ३ हे आकडे चालतात, ते कुठेही वाचता येतात. कोष्टकाच्या रेघा काढल्या की उरलेले आकडे अधांतरी राहतात, म्हणून त्यांची वाक्यं करावी लागतात.

शेतकऱ्याला मग असं उत्तर जावं: ‘नाही, मोरचूद एकदाच, १ किलो. चुना १ किलो, पाणी १०० लिटर. ते तारे आमच्याकडून चुकून आले, त्यांना अर्थ नाही.’ शंकेचं उत्तर पहिल्या शब्दात यावं, कारण त्याच्या हातात मोरचूद आहे. माफी शेवटी आली तरी चालेल.

साधेपणाचा इथे मोजता येणारा फायदाही आहे. देवनागरीतल्या एकट्या एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात; काना, मात्रा, जागा सगळं वेगळं मोजून. वरचं चार ओळींचं उत्तर चिन्हांविना ६१ भरतं. तारे, हॅश आणि त्यापुढची मोकळी जागा यांची १५ मिळवली की ७६ होतात आणि एका मेसेजचे दोन होतात.

एकदा बदललेली मांडणी टिकणं हे सगळ्यांत अवघड. मॉडेल मागचा संवाद वाचून पुढचं लिहितं, आणि मागे स्वतःचीच ताऱ्यांनी भरलेली उत्तरं असली की दोन-तीन मेसेजनंतर ते पुन्हा त्याच वळणावर जातं. म्हणून ‘या संवादात साधा मजकूर’ ही नोंद प्रोग्रॅमने जपावी आणि दर उत्तराआधी मॉडेलपुढे ठेवावी. जुन्या उत्तरांतली मांडणीची चिन्हं काढूनच ती परत वाचायला द्यावीत. नोंद माणसाच्या नावावर करू नये, मार्गाच्या नावावर करावी. हाच शेतकरी संध्याकाळी मुलाच्या लॅपटॉपवर तीच सेवा उघडेल, तिथे कोष्टक नीट दिसेल आणि फवारणीच्या वेळापत्रकाला ते हवंच असेल.

चुकून साधं लिहिलं गेलं तर ठळक अक्षर गेलं, एवढंच. चुकून तारे राहिले तर कोणीतरी दुप्पट मोरचूद घालेल. हे दोन तोटे सारखे नाहीत, म्हणून स्पष्ट तक्रार एकदाच आली तरी त्या संवादात मांडणी बदलावी, दुसरीची वाट पाहू नये. आणि एसएमएसच्या मार्गावरून अशी दुसऱ्या माणसाची तक्रार आली की सेवा चालवणाऱ्यांनी त्या मार्गाची मूळ सूचनाच बदलावी. तिसऱ्या शेतकऱ्याने तारे का म्हणून पाहावेत?